चित्राखालची ओळ

जुने छायाचित्र हाती आले की ते आधी उलटे करून पाहायचे, ही माझी फार दिवसांची सवय आहे. पुढच्या बाजूला माणसे असतात, रंगवलेला पडदा असतो, तिवईवर ठेवलेली फुलदाणी असते आणि छायाचित्रकाराने हलू नका म्हणून बजावल्यामुळे सर्वांच्या मुद्रांवर आलेले एक सामाईक गांभीर्य असते. परंतु मागच्या करड्या पुठ्ठ्यावर कोणीतरी शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या असतात, आणि हे चित्र आपल्याच घराण्यातले आहे याची साक्ष पुढच्या मुद्रांपेक्षा त्या दोन ओळी अधिक खात्रीने देतात. आमच्या घरच्या पेटीत माझ्या आजीचे आणि तिच्या दोघी जावांचे असे एक छायाचित्र आहे. तिघीही काळी लुगडी नेसल्या आहेत, तिघींच्याही नाकांत नथा आहेत, आणि अनोळखी माणसाला त्या तिघी बहिणीच वाटाव्यात. मागे आजीच्या हातचा मजकूर आहे: "संक्रांत. मिरज. डावीकडून वहिनी, मी, धाकटी. धाकटीच्या अंगावरचे लुगडे माझे." एवढेच. सणाच्या दिवशी काढलेले चित्र असूनही त्यात सणाची शुभेच्छा नाही, लुगड्याची स्तुती नाही, की स्वतःच्या रूपाविषयी एक अक्षरही नाही. तथापि शेवटचे चार शब्द वाचून मी चित्र पुन्हा सुलटे करते, तेव्हा धाकट्या जावेच्या खांद्यावरचा पदर मला निराळा दिसू लागतो. तो कोणीतरी कपाटातून काढून दिलेला आहे, आणि देणारी तिच्या शेजारीच बसलेली आहे.

आता छायाचित्राला मागची बाजू उरलेली नाही. ते काचेच्या पडद्यावर उमटते आणि त्याच्याविषयी जे काही सांगायचे ते त्याच्या खाली, सर्वांना दिसेल असे, लिहावे लागते. त्या ओळीला सगळेजण कॅप्शन म्हणतात, आणि सणाच्या सकाळी नवे वस्त्र नेसून, दागिने घालून, खिडकीपाशी चांगला उजेड शोधून चित्र काढून झाल्यावर कित्येक माणसे याच एका ओळीपाशी अडून बसतात. चित्र काढायला पाच मिनिटे लागतात आणि ओळ सुचायला अर्धा तास. मग वेळ टळते, घरात पाहुणे येऊ लागतात, आणि हाताशी असते ती ओळ टाकून दिली जाते: सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा, हा सण आपणांस सुखाचा, समृद्धीचा आणि भरभराटीचा जावो. त्या वाक्यात खोटे काही नसते. लिहिणाऱ्याच्या मनात सर्वांचे भले व्हावे अशीच इच्छा असते. परंतु ती ओळ त्या चित्राची नसते. शेजारणीच्या चित्राखालीही तीच असते, आणि दोन्ही ओळींची अदलाबदल केली तर कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

यावर विचार करताना मला आपल्याकडच्या जुन्या पत्रांचा मायना आठवतो. तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार, वडीलधाऱ्यास कृतानेक, बरोबरीच्यास सप्रेम नमस्कार विनंती विशेष, धाकट्यास अनेक आशीर्वाद, हे सारे ठरलेले होते. कोणी ते स्वतः रचीत नसे, आणि रचावे असे कोणाला वाटतही नसे. पण म्हणून काही ती पत्रे परकी झाली नाहीत. कारण मायना संपला की लगेच गाय व्याल्याची वार्ता येई, माडीचे कौल फुटल्याची तक्रार येई, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठविल्याचा दाखला येई, आणि या तपशिलासाठीच मायन्याचा प्रपंच केलेला असे. सणाच्या शुभेच्छेचे स्थान मला तेच वाटते. ती कोणाचीही असू शकते आणि असावी, ती वाटायचीच वस्तू आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे वाक्य महाराष्ट्रातले प्रत्येक घर उच्चारते आणि तरीही ते उष्टे होत नाही. बिघडते ते एवढ्याचमुळे, की मायन्यावरच पत्र संपते. ज्याने ते वाचायला उघडले त्याला आशीर्वाद पोचतो, पण वार्ता पोचत नाही.

गेल्या संक्रांतीला माझ्या भाचीचा बेंगळुरूहून फोन आला. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत, आणि नोकरीमुळे तिला आणि जावयांना इकडे येता आले नव्हते. सासूबाईंनी हलव्याचे दागिने पेटीत कापूस घालून पाठविले होते, आणि नेसायला मी माझ्या आईचे, म्हणजे तिच्या आजीचे, काळे इरकल दिले होते. चित्र फार सुरेख आले होते. ती गच्चीच्या कठड्यापाशी उभी होती, मागे निष्पर्ण झालेले एक झाड होते, आणि काळ्या सुतावर पांढरा हलवा असा उठून दिसत होता की त्या दिवसापुरता काळा रंग मंगल ठरविणाऱ्या पूर्वजांच्या रसिकतेला दाद द्यावी. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला हा रंग ऐन थंडीतल्या या एका सणाला मानाने मिरवतो, कारण तो ऊन धरून ठेवतो. "मावशी, फोटोखाली काय लिहू?" तिने विचारले. "संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांनीच लिहिल्यात गं. मला तसं नको. पण दुसरं काही सुचतही नाही."

तिने तोवर तीन ओळी लिहून खोडल्या होत्या आणि त्या तिने मला वाचून दाखविल्या. पहिली शुभेच्छेची होती, तिच्याविषयी वर सांगितलेच आहे. दुसरी होती: काळी साडी, हलव्याचे दागिने आणि मी. ही ओळ आटोपशीर होती, परंतु तिने जे सांगितले ते डोळ्यांनी आधीच पाहिलेले होते. चित्राला जे सांगता येते ते शब्दांनी पुन्हा सांगितले की शब्द चोपदारासारखे नुसते उभे राहतात. तिसरी ओळ अधिक सजवलेली होती: परंपरेचा वारसा, मराठमोळा साज, आजीच्या मायेची ऊब. या ओळीपाशी मी थोडी थांबले, कारण ती खरेपणाच्या जवळ आली होती. आजी होती, ऊब होती. तथापि दोन्ही गोष्टी विशेषणांच्या आणि भाववाचक नामांच्या राशीखाली गेल्या होत्या. परंपरा, वारसा, साज, माया हे मोठे शब्द आहेत, आणि मोठ्या शब्दांचा स्वभाव असा की ते सर्वांच्या अंगाला बसतात. मी तिला म्हटले, "हीच ओळ तुझ्या मैत्रिणीच्या पैठणीखाली लिहून बघ." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चालेल की!" मग ती आपल्या लुगड्याची कशी?

ही परीक्षा फार सोपी आहे आणि माझ्या अनुभवात ती सहसा चुकलेली नाही. लिहिलेली ओळ मनातल्या मनात उचलावी आणि दुसऱ्या कोणाच्या, दुसऱ्या वस्त्रातल्या, दुसऱ्या वर्षीच्या चित्राखाली ठेवून पाहावी. तिथे ती बसली तर ती आपली नव्हे. तिथे ती विसंगत, प्रसंगी निरर्थक वाटली, तर मात्र ती या चित्रात रुजलेली आहे असे समजावे. गाण्यातली ओळ उसनी घेऊन लिहिण्याची जी रीत आहे तिलाही हीच कसोटी लावावी. ओळ कितीही सुंदर असो, ती कवीच्या प्रसंगातून जन्मलेली असते, आणि आपल्या प्रसंगाशी तिचा सांधा क्वचितच तंतोतंत जुळतो. सांधा जुळला तर गोष्ट वेगळी. परंतु बहुधा आपण ती घेतो ती आपली ओळ सुचेना म्हणून, आणि वाचणाऱ्याला तो गाण्याचा सूर ऐकू येतो, आपला नव्हे.

मग मी भाचीला लुगड्याविषयी विचारू लागले, आणि विचारता विचारता मलाच सांगण्याची ओढ लागली. इरकल हे इलकलचे. हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पण तिथल्या मागांवरचे लुगडे दक्षिण महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसले, रोजच्या धबडग्यात वापरले आणि आपलेच मानले. अंग सुताचे, काठ रेशमाचे, आणि पदर तांबडा, पांढऱ्या पट्ट्यांचा आणि दातेरी कडांचा. बघणाऱ्याला वाटते की अंग विणता विणता विणकराने रंग बदलला आणि पदर सुरू केला. वस्तुतः तसे नसते. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा ताणा रेशमी, असे दोन वेगळे ताणे असतात, आणि जिथे अंग संपून पदर लागतो तिथे एकेक धागा दुसऱ्याच्या फाशात अडकवून ते जोडलेले असतात. या पदराला टोपपदर म्हणतात. प्रत्येक लुगड्यासाठी ही जोडणी नव्याने करावी लागते. अंगावर नेसल्यावर हा जोड खांद्याच्या आसपास येतो, आणि बोट फिरवले तर तिथे एक बारीकशी उंचावलेली रेघ लागते. छायाचित्रात मात्र ती दिसत नाही. मी तिला फोनवरच बोट फिरवून पाहायला सांगितले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "रेघ लागली. पण मावशी, तिच्या शेजारी काहीतरी वेगळंच लागतंय. इथं रफू केलाय कुणीतरी."

तो रफू मला ठाऊक होता. म्हणजे तो तिथे आहे एवढे ठाऊक होते. बोटभर लांबीचा, काळ्या सुतातला, इतका बारीक की उजेडावर धरल्याशिवाय दिसू नये. आईने तो कधी दाखविला नाही आणि मीही कधी विचारले नाही. आई गेल्यानंतर लुगडे माझ्या कपाटात आले तेव्हा घडी घालताना तो हाताला लागला, आणि हा कोणाच्या हातचा असावा असे मनात येऊन गेले. भाचीच्या त्या उद्गारासरशी मला वाटले, तिची ओळ इथे आहे. कारण हा रफू जगातल्या दुसऱ्या कोणत्याही लुगड्यावर नाही, चित्राला तो टिपता आलेला नाही, आणि त्याच्याविषयी सांगण्यात वस्त्राची स्तुती नाही आणि स्वतःचीही नाही. नुसती एक खरी नोंद आहे.

बाकीच्या नोंदींची यादी आम्ही मग सावकाश केली. लुगडे कोणाचे, कुठून आले, शेवटचे कोण आणि केव्हा नेसले, नेसवले कोणी, अंगावर ते कसे वाटते, चौकटीबाहेर त्या वेळी काय होते. नेसवण्याची हकीगत तर ताजीच होती. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास सुती कापड, नेसवायला घरात दुसरी बाई नाही. तेव्हा जावयांनी फोन उंच धरला आणि मी मिरजेहून तिला एकेक पायरी सांगितली. कमरेला गाठ कुठे मारायची, निऱ्या किती ठेवायच्या, काष्टा पाठीमागे खोवण्याआधी गुडघे किंचित वाकवून पाऊल टाकून पाहायचे, नाहीतर पुढे पायऱ्या चढताना तो ओढला जातो. हलव्याची हकीगतही होती. खसखशीच्या दाण्याला मंद आचेवर परातीत फिरवीत, पातळ पाक चमच्याचमच्याने सोडीत, बोटांनी सतत हालवीत राहिले म्हणजे तासांमागून तासांनी त्याला काटा येतो. आणि हवा दमट झाली तर आलेला काटाही बोथट होतो. पेटी बेंगळुरूस पोचेपर्यंत बाजूबंदाचे काही दाणे गळून पडले होते, आणि चित्र काढून होताच शेजारच्या घरातल्या लहान मुलाने हाराचा एक दाणा तोडून तोंडात टाकला होता. त्याच घरातून एळ्ळु-बेल्लाची वाटी आली होती. आपला तीळगूळ तिकडे खोबरे, शेंगदाणे आणि ऊस घेऊन येतो. आणि आणखी एक गोष्ट तिच्या आपोआप ध्यानात आली. कर्नाटकात विणले गेलेले हे लुगडे एवढ्या वर्षांनी पुन्हा कर्नाटकात आले होते.

यादी लांबली, आणि यादी लांबली की नवी आपत्ती उभी राहते. आता सारेच सांगावेसे वाटते. इन्स्टाग्राम बावीसशे अक्षरांपर्यंत लिहू देते, म्हणजे एक लहानसा निबंध तिथे सहज मावेल. परंतु चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्या एक-दोन ओळीच येतात, उरलेला मजकूर मिटलेला असतो आणि तो उघडण्यासाठी त्याला हाताने स्पर्श करावा लागतो. म्हणून पहिल्या ओळीवर मोठी जबाबदारी असते. तिथे शुभेच्छा खर्ची पडली तर पुढचे कोणी उघडून वाचत नाही, कारण पुढेही शुभेच्छाच असतील असे पाहणारा गृहीत धरतो. तिथे वस्तूचे नाव यावे, आणि नावापाठोपाठ ती एकच गोष्ट यावी जी ऐकून माणसाने चित्राकडे पुन्हा पाहावे. माझ्या मते एका ओळीत एकच नोंद पुरे, फार तर दोन. रफू आणि हलवा आणि इलकल आणि शेजारचा मुलगा हे सगळे एकत्र आणले की प्रत्येकाचे तेज कमी होते आणि चित्रापेक्षा लिहिणाऱ्याचा उत्साहच अधिक दिसू लागतो. जे उरले ते वाया जात नाही. लुगडे पुन्हा नेसले जाणार असते, सण पुन्हा येणार असतो.

येथे एक विषयांतर करते. आपल्या बायकांनी एका ओळीत स्वतःला आणण्याची कला फार पूर्वी साधलेली आहे, ती उखाण्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला ज्या घरी जावे तिथे नाव घेण्याचा आग्रह होई, आणि नव्या सुनेची कसोटी लागे. उखाण्यांच्या छापील पुस्तिका तेव्हाही मिळत, आणि चांदीच्या ताटापासून रुप्याच्या वाटीपर्यंतची सगळी यमके त्यांत तयार असत. ज्या बाईने त्यातला उखाणा म्हटला तिचे कौतुक होई आणि वाण घेऊन सगळ्या उठत. परंतु एखादी धिटाईने त्या घरातलीच वस्तू घेई, दारातल्या जास्वंदीचे किंवा सासऱ्यांच्या काठीचे नाव आधी आणी, आणि मग पतीचे नाव घेई. तिचा उखाणा मात्र पुढे कित्येक वर्षे त्या आळीत सांगितला जाई. आजच्या चित्राखाली यमक जुळविण्याचा मोह अनेकांना होतो, तो या परंपरेतूनच येत असावा. यमकाला माझा विरोध नाही. पण यमक पुष्कळदा खऱ्या वस्तूला हद्दपार करून जुळणारी वस्तू आत आणते. नथीशी सोबत जुळते म्हणून सोबत येते, आणि ज्या सोनाराने ती नथ उजळून दिली तो बाहेरच राहतो. उखाण्याचे सत्त्व यमकात नव्हतेच. ते त्या शेवटच्या नावात होते, जे दुसरी कोणतीही बाई त्या ठिकाणी घेऊ शकत नव्हती.

ज्यांच्या घरी आजीचे लुगडे नाही, त्यांनी काय लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. वारसा सर्वांच्याच वाट्याला येत नाही; कित्येकींच्या आज्यांची लुगडी झिजून शेवटी गोधडीच्या अस्तरात गेली, कित्येकांच्या घरी सणाला नवे वस्त्र येण्याची ही पहिलीच पिढी आहे. परंतु नव्या वस्त्रालाही हकीगत असते. ती लहान असते, आणि लहान असल्यामुळेच ती लिहायला सोपी असते. माझ्या एका विद्यार्थ्याने पाडव्याला सदरा घालून चित्र काढले आणि खाली लिहिले की हा सदरा शिंप्याने काल रात्री अकरा वाजता दिला, आणि शेवटचे बटण आईने आज सकाळी लावले. तयार शिवलेली नऊवारी नेसणाऱ्या एका मुलीने लिहिले की ही नऊवारी शिवलेली आहे, आणि ढोलपथकात दिवसभर उभे राहायचे असल्याने ती मुद्दामच तशी घेतली. दोन्ही ओळींत पूर्वजांचा उल्लेख नाही, मोठा शब्द नाही. पण शिंप्याचा दिवा आणि ढोलाचा पट्टा या दोन्ही गोष्टी चौकटीबाहेरून आत आल्या. मैत्रिणीकडून उसने आणलेले वस्त्र असेल तर ते उसने आहे असे लिहिण्यात केवढे सौंदर्य आहे. त्यात देणारीचे नाव येते.

काय लिहू नये, हेही त्या दिवशी आमच्या बोलण्यात आले. भाचीने मधेच एक वाक्य केले होते: हे लुगडे नेसताना आजी जवळ असल्यासारखी वाटली. मी तिला विचारले, खरोखर तसे वाटले का? ती प्रामाणिक मुलगी आहे. म्हणाली, "नाही. नेसताना मी काष्ट्याकडेच लक्ष देत होते. पण नंतर गच्चीत उन्हात उभी राहिले तेव्हा लुगडं तापलं आणि कपाटातल्या वाळ्याचा वास आला." मग तेवढेच खरे. सणाच्या दिवशी गहिवराची एक तयार भाषा हाताशी असते आणि तिचा उपयोग केला की आपले दुःखही छापील होऊन जाते. जे वाटले नाही ते लिहिण्यापेक्षा जे हाताला लागले, नाकाला जाणवले, ते लिहिणे मृतांच्या बाबतीतही अधिक आदराचे आहे. त्याचप्रमाणे किंमत लिहू नये, दागिन्यांचे तोळे लिहू नयेत, आणि दुसऱ्याच्या आयुष्यातली जी गोष्ट त्याने स्वतः कधी चारचौघांत सांगितली नाही ती त्याला विचारल्यावाचून लिहू नये. मागच्या पुठ्ठ्यावरचे लिखाण पेटीतच राहत असे. चित्राखालची ओळ चव्हाट्यावर जाते. म्हणून आपली म्हणून लिहिलेली ओळ ज्याच्याविषयी आहे त्याने ती वाचली तर त्याला संकोच होईल की समाधान, हे लिहिण्यापूर्वी एकदा पाहावे.

शेवटी तिने जे लिहिले ते असे: "आजीचं इरकल. पदराच्या जोडापाशी बोटभर रफू आहे. कुणी केला, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. उन्हात उभं राहिलं की वाळ्याचा वास येतो. तिळगूळ घ्या, गोड बोला." मी त्यात एक अक्षरही बदलले नाही. वस्तूचे नाव आधी आले होते. जे दिसत नाही ते सांगितले होते. जे ठाऊक नाही तेही लपविले नव्हते. आणि सर्वांना द्यायची ती शुभेच्छा अखेरीस, वार्ता सांगून झाल्यावर, तिळगुळासारखीच हातावर ठेवली होती. हलवा, शेजारचा मुलगा आणि कर्नाटकातून कर्नाटकात परतलेला प्रवास तिने राखून ठेवला.

सायंकाळपर्यंत तिच्या चित्राखाली पुष्कळ उत्तरे आली. शुभेच्छेच्या ओळीला शुभेच्छाच उलट मिळते, तिच्यापुढे संभाषण जात नाही. या ओळीला मात्र माणसे आपापली कपाटे उघडून उत्तर देऊ लागली. एकीने आपल्या आईच्या शालूवरच्या शाईच्या डागाविषयी लिहिले, एकीने विचारले की सुतात इतका बारीक रफू आज कोण करून देते. आणि रात्री उशिरा माझ्या वहिनींचे उत्तर आले. त्या सहसा असल्या ठिकाणी लिहीत नाहीत. त्यांनी लिहिले होते: "रफू माझ्या हातचा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला हेच लुगडं नेसायला दिलं होतं. माजघराच्या दाराच्या कडीत अडकून फाटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त सुई-दोरा आणून दिला."

वहिनी या घरात येऊन किती काळ लोटला, आम्ही किती संक्रांती एकत्र केल्या, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. आईनेही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाचीचा पुन्हा फोन आला. ओळ आता खोटी ठरली आहे, घरात एका माणसाला सांगता येते हे उघड झाले आहे. तेव्हा ती दुरुस्त करावी की आहे तशीच ठेवावी, असे तिने विचारले. मला वाटते ती ठेवावी. लिहिण्याच्या क्षणी ती खरी होती, आणि तिने मोकळी ठेवलेली जागा जिने भरायची तिनेच, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांनी, भरली. वहिनींचे वाक्य उचलून आपल्या ओळीत बसविणे म्हणजे त्यांच्या हातून ते काढून घेणे होईल. पण भाचीचे म्हणणे निराळे आहे. उत्तरे कालांतराने खाली खाली जातात आणि कोणी ती शोधीत नाही. रफू कोणाचा हे वर, लुगड्याच्या नावाशेजारी, राहिले पाहिजे, असे तिला वाटते. आमचे हे बोलणे अजून संपलेले नाही. दरम्यान पुढच्या संक्रांतीसाठी वहिनींच्या मुलीने ते लुगडे मागितले आहे, आणि आपल्या आईने फाडलेल्या आणि सांधलेल्या त्या जागेविषयी ती काय लिहील, काही लिहील की नाही, हे मी तिला विचारलेले नाही.